एकात्म राज्य की संघराज्य? नाशिकच्या जकातीवरून फरक ओळखण्याची रीत

राज्यशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या परीक्षेत ‘एकात्म राज्य आणि संघराज्य यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी पानाच्या मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने भरतात. डावीकडे एकच सरकार, उजवीकडे दोन सरकारे. डावीकडे लवचीक घटना, उजवीकडे ताठर घटना. डावीकडे लहान देश, उजवीकडे मोठे देश. अशा तक्त्याला काही गुण मिळतात, पण ‘मग ब्रिटन एकात्म असूनही स्कॉटलंडला स्वतःची संसद कशी?’ किंवा ‘भारतात संसद राज्याचे नावसुद्धा बदलू शकते, तरी भारत संघराज्य कसे?’ असे कोणी विचारले की तो तक्ता काहीच सांगत नाही. म्हणून या लेखात फरकांची यादी देण्याऐवजी कोणत्याही देशाला लावता येईल अशी तपासणीची रीत दिली आहे, आणि ती नाशिककरांच्या ओळखीच्या एका कराच्या इतिहासावर करून दाखवली आहे.

आधी व्याख्या नीट लिहून घ्यावी. एकात्म राज्यात कायदा करण्याची अंतिम सत्ता एकाच, म्हणजे राष्ट्रीय विधिमंडळाकडे असते. प्रांत, जिल्हे, महापालिका असू शकतात, त्यांना भरपूर अधिकारही असू शकतात, पण ते त्या विधिमंडळाने दिलेले असतात आणि त्यालाच ते परत घेता येतात. संघराज्यात राष्ट्रीय सरकार आणि घटकराज्ये या दोघांचेही अधिकार राज्यघटनेतून येतात, त्यामुळे त्यांतील कोणालाही एकट्याने ती वाटणी बदलता येत नाही. या व्याख्येतला कळीचा शब्द ‘एकट्याने’ हा आहे. सरकारांची संख्या, देशाचे क्षेत्रफळ किंवा राजधानीचा दरारा यांना व्याख्येत जागा नाही.

पहिली पायरी: अधिकाराचा उगम शोधावा

एखादी शासनसंस्था कोणते काम करते हे पाहून थांबू नये. ते काम करण्याचा अधिकार तिला कोणत्या दस्तऐवजाने दिला, हे विचारावे. यासाठी नाशिकसारखे सोयीचे शहर क्वचितच सापडेल, कारण येथे तिन्ही प्रकारच्या सत्ता एकमेकींना खेटून काम करतात. नाशिकरोडच्या मुद्रणालयात चलनी नोटा छापल्या जातात, आणि चलन हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत आहे. गोदावरीकाठी भरणाऱ्या कुंभमेळ्याची व्यवस्था राज्य सरकार पाहते, कारण देशांतर्गत तीर्थयात्रा हा विषय राज्यसूचीत दिला आहे. शहरातील नळ, गटारे आणि पथदिवे महापालिका सांभाळते. देवळाली कॅम्पात शिरले की तेच नळ आणि तेच दिवे छावणी परिषदेकडे जातात. छावणी क्षेत्रातील स्थानिक कारभार हा संघसूचीतील विषय असल्यामुळे त्या परिषदेचा कायदा मुंबईत होत नाही, दिल्लीत होतो.

आता प्रत्येकाचा उगम पाहू. केंद्र आणि राज्य यांचे विषय घटनेनेच, अनुच्छेद 246 आणि सातवी अनुसूची यांद्वारे, वाटून दिले आहेत. महाराष्ट्र विधिमंडळाला तीर्थयात्रेवर कायदा करण्याचा अधिकार संसदेने मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. संसदेला तिचा अधिकार जेथून मिळाला तेथूनच तो आला आहे. महापालिकेची गोष्ट वेगळी आहे. ‘स्थानिक शासन’ हा राज्यसूचीतील पाचवा विषय आहे, आणि नाशिक महानगरपालिका राज्याच्या कायद्याखाली 1982 मध्ये अस्तित्वात आली.

येथे जागरूक विद्यार्थी हरकत घेईल की 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरपालिकांनाही घटनेत स्थान मिळाले आहे. हरकत योग्य आहे, पण तिचे उत्तर घटनेच्या शब्दांतच सापडते. अनुच्छेद 243डब्ल्यू असे म्हणतो की राज्य विधिमंडळ कायद्याद्वारे नगरपालिकांना आवश्यक ते अधिकार देऊ शकेल. म्हणजे महापालिका असावी, तिची मुदत पाच वर्षे असावी, तिच्यात राखीव जागा असाव्यात, इतकी चौकट घटनेने घातली. पण तिच्या हाती नेमके काय द्यायचे हे राज्यावर सोपवले. यावरून असे म्हणता येते की महाराष्ट्राचे केंद्राशी असलेले नाते संघराज्याच्या प्रकारचे आहे, तर नाशिक महापालिकेचे महाराष्ट्राशी असलेले नाते, त्या घटनात्मक चौकटीची मर्यादा धरूनही, एकात्म राज्याच्या प्रकारचे आहे. एकाच शहरात दोन्ही नाती दिसत असताना दूरच्या देशांची उदाहरणे पाठ करण्यापासून सुरुवात का करावी, हे मला कधी उमगलेले नाही.

दुसरी पायरी: वाटणी बदलायला कोणाची संमती लागते ते पाहावे

चारही पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे जकातीचे उदाहरण सविस्तर घेऊ.

शहराच्या हद्दीत वापरासाठी, उपभोगासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर महापालिका जकात घेत असे. रस्त्यांवरच्या जकात नाक्यांसमोर लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा आजच्या विद्यार्थ्यांच्या पालकांना आठवत असतील. जकात हे महापालिकेच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते, पण ती आकारण्याचा मूळ अधिकार महापालिकेचा नव्हता. स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कर हा राज्यसूचीतील 52 वा विषय होता. राज्याने तो स्वतःच्या कायद्याने महापालिकांकडे दिला होता.

2013 मध्ये नाशिकमधील जकात बंद झाली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. नाके गेले आणि व्यापाऱ्याने आपल्या हिशेबावरून कर भरायचा अशी पद्धत सुरू झाली. पुढे 1 ऑगस्ट 2015 पासून राज्याने 50 कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून वगळले, त्यामुळे करदात्यांचा फार मोठा भाग एका निर्णयाने बाहेर पडला. हे बदल राज्याच्या पातळीवर ठरले. महापालिकेला निवेदन देता आले असते, नाराजी कळवता आली असती. परंतु तिच्या महासभेने ठराव करून संमती दिल्याशिवाय राज्याचा निर्णय लागू होणार नाही, अशी तरतूद कोठेही नव्हती. वरच्या सत्तेने खालच्या संस्थेचे उत्पन्नाचे साधन एकट्याने बदलले आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नव्हते. एकात्म नाते असे चालते.

आता वरच्या स्तरावर काय घडले ते पाहू. वस्तू व सेवा कर आणायचा तर केंद्र आणि राज्ये या दोघांना एकाच व्यवहारावर कर लावण्याचा अधिकार द्यावा लागणार होता, आणि राज्यांकडचे काही कर त्यात विलीन करावे लागणार होते. त्यासाठी सातव्या अनुसूचीला हात लावणे भाग होते. अनुच्छेद 368 नुसार सातव्या अनुसूचीतील कोणत्याही सूचीत बदल करायचा असेल तर संसदेच्या दोन्ही सभागृहांतील विशेष बहुमत पुरत नाही. किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी त्याला अनुसमर्थन द्यावे लागते. विधेयक ऑगस्ट 2016 मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाल्यावर ते राज्यांकडे गेले. आसामने सर्वांत आधी अनुसमर्थन दिले, महाराष्ट्रानेही त्याच महिन्यात ठराव केला, आणि पुरेशा विधिमंडळांचे अनुसमर्थन मिळाल्यावर 8 सप्टेंबर 2016 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून 101 वी घटनादुरुस्ती झाली. तिनेच राज्यसूचीतील 52 वा विषय वगळला. ज्या नोंदीवर नाशिकची जकात उभी होती, ती नोंदच घटनेतून गेली, आणि 1 जुलै 2017 रोजी नवा कर सुरू होताना उरलेला एलबीटीही संपला.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. जकात आणि एलबीटी यांत बदल करताना नाशिकची संमती लागली नाही. 52 वा विषय काढताना मात्र संसदेला राज्यांच्या विधिमंडळांकडे जावेच लागले. येथे एक मर्यादा आवर्जून लिहावी: ही संमती राज्यांची सामूहिक असते. निम्म्या राज्यांनी होकार दिला तर नकार देणाऱ्या एखाद्या राज्यालाही बदल बांधून ठेवतो, त्यामुळे ‘प्रत्येक राज्याला नकाराधिकार असतो’ असे उत्तरपत्रिकेत लिहिल्यास ते चूक ठरेल.

नुकसानभरपाईची बाजूही याच कसोटीवर पाहता येते. राज्यांना पाच वर्षे भरपाई देण्याचे बंधन 101 व्या घटनादुरुस्तीच्या कायद्यातच घातले गेले, आणि संसदेने त्यासाठी केलेल्या कायद्यात राज्यांचे उत्पन्न दरवर्षी 14 टक्क्यांनी वाढेल असे गृहीत धरले. महापालिकांना मिळणारी भरपाई महाराष्ट्राने 2017 मध्ये केलेल्या स्वतःच्या कायद्यातून येते. त्यात 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी 8 टक्के वाढीची तरतूद आहे. महापालिकेची रक्कम उद्या कमी करायची असेल तर विधिमंडळात साधा दुरुस्ती कायदा पुरेसा आहे. दोन्ही आश्वासने वरवर सारखी दिसतात, पण एकाचे मूळ घटनादुरुस्तीत आहे आणि दुसऱ्याचे साध्या कायद्यात.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी कॉलेज रोडवरच्या, कर आकारणाऱ्या एखाद्या हॉटेलचे मिसळीचे बिल घ्यावे. 5 टक्के कराची रक्कम त्यावर अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दाखवलेली असते: एक केंद्राचा कर आणि एक राज्याचा कर. पहिला संसदेच्या कायद्याने लागतो, तर दुसरा महाराष्ट्र विधिमंडळाने 2017 मध्ये केलेल्या स्वतंत्र कायद्याने. दर सुचवणाऱ्या वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताला एकतृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोनतृतीयांश वजन आहे, व निर्णयाला तीनचतुर्थांश मते लागतात. गणित करून पाहा: केंद्र एकटे निर्णय घेऊ शकत नाही, आणि सर्व राज्ये एकत्र आली तरी केंद्राशिवाय त्यांनाही तो घेता येत नाही. बिलावर महापालिकेची तिसरी ओळ नसते.

तिसरी पायरी: तीच कसोटी परक्या देशावर लावावी

आता ब्रिटनकडे जाऊ. 1998 च्या कायद्याने स्कॉटलंडला स्वतंत्र संसद मिळाली. आरोग्य, शालेय शिक्षण, पोलीस असे मोठे विषय तिच्याकडे आहेत, आणि काही बाबतीत तिचे अधिकार भारतातील राज्यांपेक्षाही जास्त वाटतात. अनेक विद्यार्थी येथेच घसरतात आणि ब्रिटनला संघराज्य ठरवून मोकळे होतात.

पहिला प्रश्न विचारावा: अधिकार कोठून आले? लंडनच्या संसदेच्या साध्या कायद्यातून. त्याच कायद्याच्या 28 व्या कलमात असेही लिहिले आहे की या तरतुदींमुळे स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या ब्रिटिश संसदेच्या अधिकाराला बाध येत नाही. दुसरा प्रश्न: ते बदलायला कोणाची संमती लागते? स्कॉटलंडकडे सोपवलेल्या विषयांवर ब्रिटिश संसद सामान्यतः स्कॉटिश संसदेच्या संमतीविना कायदा करणार नाही असा संकेत आहे, आणि 2016 मध्ये तो कायद्यातही लिहिला गेला. तथापि हा संकेत न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये स्पष्ट केले. संमती मागणे शिष्टसंमत आहे, पण ती कायद्याने सक्तीची नाही.

अधिकार परत घेतल्याचे दाखलेही आहेत. उत्तर आयर्लंडची स्वतंत्र संसद अर्धशतक चालल्यावर 1972 मध्ये लंडनने स्थगित केली आणि पुढच्या वर्षी रद्द केली. संपूर्ण लंडन शहरासाठी असलेली निवडून आलेली ग्रेटर लंडन कौन्सिल 1986 मध्ये संसदेच्या कायद्याने बरखास्त झाली, आणि त्यानंतर 2000 पर्यंत त्या महानगराला शहरव्यापी निवडून आलेली संस्थाच नव्हती. फ्रान्सने 2016 मध्ये युरोपातील आपल्या 22 प्रदेशांचे विलीनीकरण करून ते 13 वर आणले, तेही साध्या कायद्याने. अशा देशांचे वर्णन ‘विकेंद्रित एकात्म राज्य’ असे करावे. विकेंद्रीकरण म्हणजे वरून दिलेले अधिकार. संघराज्य म्हणजे घटनेने वाटलेले अधिकार. दिलेले अधिकार किती मोठे आहेत याने त्यांचा प्रकार बदलत नाही.

आकाराच्या मुद्द्यावर फार वेळ घालवू नये. चीन प्रचंड असूनही एकात्म आहे, आणि स्वित्झर्लंड महाराष्ट्रापेक्षा लहान असूनही संघराज्य आहे. बेल्जियमने तर टप्प्याटप्प्याने घटना बदलत 1993 मध्ये एकात्म राज्यातून संघराज्यात प्रवेश केला, आणि या प्रवासात त्याच्या क्षेत्रफळात काही फरक पडला नाही. शेषाधिकार, म्हणजे घटनेने स्पष्टपणे न वाटलेल्या विषयांवरचे अधिकार, कोणाकडे आहेत यावरूनही निर्णय करू नये. अमेरिकेत ते राज्यांकडे आहेत, भारत आणि कॅनडात केंद्राकडे, आणि तिन्ही देश संघराज्य मानले जातात.

चौथी पायरी: भारताची कमकुवत बाजू लपवू नये

दुसऱ्या पायरीत भारत कसोटीला उतरला, पण परीक्षकाला जे वाचायचे असते ते याच्या पुढचे आहे. अधिकारांची वाटणी बदलायला राज्यांची संमती लागते. राज्य स्वतःच राहील की नाही हे ठरवायला मात्र ती लागत नाही. अनुच्छेद 3 नुसार संसद साध्या बहुमताने नवे राज्य निर्माण करू शकते, सीमा बदलू शकते, नाव बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी 2014 मध्ये पुनर्रचनेचे विधेयक फेटाळले, तरी संसदेने कायदा केला आणि 2 जून 2014 रोजी तेलंगण अस्तित्वात आले. अमेरिकेत असे होऊ शकत नाही. तेथे एखाद्या राज्याच्या भूमीतून नवे राज्य काढायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती घटनेनेच आवश्यक केली आहे. आपले महाराष्ट्र राज्यदेखील 1 मे 1960 रोजी संसदेच्या कायद्याने निर्माण झाले. त्यामागे संयुक्त महाराष्ट्राचे मोठे आंदोलन होते, पण कायदेशीर साधन अनुच्छेद 3 हेच होते.

हे अपघाताने झालेले नाही. घटनेचा मसुदा मांडताना 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘राज्यांचा संघ’ या शब्दयोजनेचे कारण सांगितले होते: भारतीय संघ हा राज्यांनी आपसात केलेल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नाही. यावरून काही विद्यार्थी घाईने ‘भारत प्रत्यक्षात एकात्म आहे’ असा निष्कर्ष लिहितात. तो मान्य करता येत नाही, कारण करारातून जन्म होणे ही संघराज्याची अट नाही. घटनेने अधिकार वाटलेले असणे ही आहे. 1994 मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संघराज्य हे घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग मानले आणि राष्ट्रपती राजवटीची घोषणाही न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत आणली. एकात्म राज्यात अशा तपासणीला आधारच नसता, कारण बरखास्त करणारे विधिमंडळ तेथे सर्वोच्च असते.

म्हणून भारताविषयी उत्तर लिहिताना दोन विधाने एकत्र ठेवावीत: विषयांची वाटणी संघराज्याच्या पद्धतीने सुरक्षित आहे, आणि राज्यांचा भूप्रदेश तितका सुरक्षित नाही. ‘अर्धसंघराज्य’ हा शब्द वापरायचा असेल तर त्याआधी ही दोन्ही विधाने आलेली असावीत, नाहीतर तो शब्द पाठांतराचा वाटतो.

ही चौथी पायरी स्वतः करून पाहायची असेल तर महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा दावा घ्यावा. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद 131 खाली, म्हणजे केंद्र व राज्य किंवा राज्याराज्यांतील वादांसाठी असलेल्या मूळ अधिकारक्षेत्रात, तो दाखल केला. असा दावा राज्य करू शकते. नाशिक महापालिका राज्याविरुद्ध या अनुच्छेदाखाली जाऊ शकत नाही, कारण तेथे पक्षकार म्हणून फक्त केंद्र आणि राज्ये यांना जागा आहे. कर्नाटकाचा मुख्य आक्षेप असा आहे की सीमा ठरवणे अनुच्छेद 3 प्रमाणे संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नाही. एका बाजूने अनुच्छेद 131 आणि दुसऱ्या बाजूने अनुच्छेद 3 घेऊन प्रत्येकी एक परिच्छेद लिहावा, आणि प्रत्येक वाक्यानंतर ते वाक्य अधिकारांच्या वाटणीविषयी आहे की भूप्रदेशाविषयी, याची समासात खूण करत जावे.